मुद्दाम जुनं केलेलं लग्न

सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. एकीत संगणक आणि मी, दुसरीत कॅमेरे, दिव्यांचे स्टँड आणि माझा भागीदार. तो शूटिंग करायचा, मी एडिटिंग. लग्नं, मुंजी, शाळांची गॅदरिंग, खराडी-हिंजवडीतल्या कंपन्यांचे वार्षिक समारंभ, जे येईल ते आम्ही करत होतो. फोटोला एका बोटानं जुना करून देणारी ॲप्स तेव्हा अजून प्रत्येकाच्या खिशात आलेली नव्हती, पण जुन्याची हौस मात्र सुरू झाली होती. चकचकीत काचेच्या इमारतीत काम करणारी मुलं येऊन म्हणायची, "ताई, थोडा विंटेज लुक द्या ना." मी रंग जरा पिवळट करायची, कडा काळ्या करायची, आणि ती खूश होऊन जायची.

त्यातलीच एक वाघोलीला राहणारी मुलगी. तिशीच्या आसपासची, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. ती आली तेव्हा मला वाटलं, हिचंच लग्न असेल. पण तिनं खुर्चीत बसता बसता सांगितलं, "माझं नाही, आईबाबांचं. चाळीस वर्षं होतायत."

तिचे आईवडील विश्रांतवाडीला राहत. वडील खडकीच्या एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. लग्न गावीच, बौद्ध पद्धतीनं झालेलं. त्या लग्नाचा एकही फोटो नव्हता. मुलीचं म्हणणं असं, की ते लग्न आपण पुन्हा उभं करायचं, आत्येभाऊ आणि त्याची बायको यांना नवरानवरी करायचं, आणि लग्नाच्या वाढदिवशी बाबांना दाखवायचं. आईला हे सगळं ठाऊक असणार होतं, कारण बारीकसारीक गोष्टी तिलाच विचारायच्या होत्या. बाबांना मात्र काहीच सांगायचं नव्हतं.

"आधी म्हणायचं, जुनं रीळ सापडलं. ते चकित होतील. मग शेवटी आमचे सगळ्यांचे चेहरे येतील, हॅपी ॲनिव्हर्सरी म्हणत. पण ताई, खरंच जुनं वाटलं पाहिजे हं. नुसतं पिवळं नको."

शेवटचं वाक्य मला लागलं. नुसतं पिवळंच तर मी आजवर करत आले होते.

माझा भागीदार आतून म्हणाला, "आयुष्यभर लेन्सवरची धूळ पुसली. आता ती वर टाकायची. पुण्यात काहीही खपतं."

पण कामाला तोच पहिला लागला. त्याच्या मामांकडे घरगुती सिनेमाचा एक जुना कॅमेरा आणि काही फिती होत्या. त्या आम्ही खिडकीत धरून, भिंग लावून, एकेक चौकट पाहत बसलो. खऱ्या जुन्या फितीत काय असतं ते तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं. धुळीचा कण एका चौकटीत असतो, पुढच्या चौकटीत नसतो. म्हणून पडद्यावर तो क्षणभर चमकून जातो, थांबत नाही. ओरखडा मात्र उभा असतो आणि चौकटीमागून चौकट चालत राहतो, कारण फीत यंत्रातून ओढली जाताना एकाच जागी घासत असते. आणि उजेड शिरलेला असतो तो बहुतेक रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी, कारण रीळ कॅमेऱ्यात भरताना आणि काढताना बाहेरचे वेढे उघड्यावर येतात. तिथे चित्र हळूहळू नारिंगी होत जातं आणि मग विरून जातं. मध्येच उजेड आला तर समजायचं, कॅमेऱ्याचं झाकण कुठेतरी सैल आहे.

हे सगळं आम्ही घरीच तयार केलं. दुपारी खोलीच्या खिडक्यांना काळे पडदे लावले. भागीदारानं कॅमेऱ्याची लेन्स किंचित सैल केली आणि मी टॉर्चला नारिंगी जिलेटिन कागद गुंडाळून त्या फटीभोवती फिरवत राहिले. काळ्या पडद्यावर नारिंगी, लालसर लाटा रेकॉर्ड झाल्या. त्या लग्नाच्या चित्रावर एका थरासारख्या ठेवायच्या, आणि संगणकाला सांगायचं की यातलं काळं सोडून दे, उजेड तेवढा खालच्या चित्रात मिसळ. धुळीसाठी काळ्या काचेवर तांदळाची पिठी आणि जुन्या स्वेटरचे तंतू टाकून फोटो काढले. पुसायचं, पुन्हा टाकायचं, पुन्हा फोटो. ते उलटे केले की पांढऱ्यावर काळे कण. प्रत्येक चौकटीला वेगळा फोटो. पहिल्या प्रयत्नात मी एकच फोटो सेकंदभर ठेवला होता, तर कण नाही, माशी बसल्यासारखी दिसत होती.

शूटिंग वाघोलीत झालं. मुलीच्या सोसायटीच्या मागे तेव्हा अजून शेतं होती. एका ओळखीच्या शेतकऱ्यानं त्याच्या घरामागची जागा दिली. लिंबाचं झाड, चार बांबू, वर जांभळीच्या डहाळ्या टाकलेला मांडव. मेणबत्त्या, तसबिरी, खाली पांढरी चादर. मुलीची आई खुर्ची टाकून बसली होती आणि तिथूनच सूचना देत होती.

"चटई तिकडे होती. आणि नवरदेव एवढा हसत नव्हता गं. ते तर मान वर करत नव्हते."

एक अडचण मात्र राहिली. जागेच्या उजव्या कोपऱ्यात भिंतीला लागून पाण्याची मोठी काळी प्लॅस्टिकची टाकी होती. भरलेली होती, हलवता येत नव्हती. जवळच्या चित्रांत ती टाळता आली, पण सगळा मांडव एकदम दिसेल अशा लांबच्या चित्रात ती यायचीच. भागीदार म्हणाला, "त्या काळात भंडाऱ्याला अशी टाकी असती, तर लोक लग्न सोडून ती बघायला आले असते." चादर टाकली तर आणखी विचित्र दिसत होतं. शेवटी मी म्हटलं, "राहू दे. कॅमेऱ्याचं झाकण सैल आहे म्हणू. त्या कोपऱ्यात उजेड सोडते."

पहिला नमुना तयार झाल्यावर मी आईला, म्हणजे काकूंना, स्टुडिओत बोलावलं. त्या लेकीबरोबर आल्या. दम लागला होता, पण पाणीही न पिता बसल्या. मी सेकंदाला पंचवीस चित्रांऐवजी अठराच ठेवली होती, त्यामुळे चालण्यात ती जुनी थरथर आली होती. कण चमकत होते. काळ्यातला काळेपणा काढून घेतला होता. मला स्वतःला ते फार आवडलं होतं.

काकूंनी शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "माझं लुगडं पिवळं का केलं?"

"जुनं दिसायला, काकू. रंग उडतात ना."

"अहो, पण ते पांढरं होतं. आमच्याकडे नवरीला पांढरं नेसवतात. ते पिवळं केल्यावर मग राहिलं काय?"

लेक समजावायला लागली, "आई, इफेक्ट आहे तो." काकू तिच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "त्या दिवशी गावातली माणसं बघायला उभी होती. हळद नाही, हिरवा चुडा नाही, पांढऱ्यात लग्न कसं लागतं म्हणून. माझे वडील म्हणाले होते, डाग पडू देऊ नको. दिवसभर मी जपलं ते."

त्या गेल्यावर मी पुन्हा मामांच्या फिती काढल्या आणि ट्यूबलाइटसमोर धरल्या. सावल्या, झाडं, माणसांचे केस, सगळं तांबूस झालं होतं. निळं-हिरवं त्यातून निघून गेलं होतं. पण एका माणसाचा सदरा जवळजवळ पांढराच होता. मग लक्षात आलं, की अशा फितीत पांढऱ्या जागी रंग जवळपास नसतोच, तिथून नुसता दिव्याचा उजेड पलीकडे जातो. जिथे रंगच नाही तिथे उडणार काय? फीत फार तर किंचित मळकट होते. मी सगळ्या चित्रावर सरसकट पिवळी छटा फासली होती, ती काढली. सावल्यांत आणि मधल्या रंगांत तांबूसपणा ठेवला आणि पांढऱ्याला हात लावला नाही. लुगडं उजळलं. चित्र आधीपेक्षा खरं जुनं दिसायला लागलं. काकूंना पुन्हा दाखवलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हं. आता बरोबर."

वाढदिवस रविवारी होता. विश्रांतवाडीच्या त्यांच्या घरी दहा-पंधरा नातेवाईक जमले होते. प्रोजेक्टर आमचा, म्हणून मीही गेले. हॉलमधलं कॅलेंडर आणि घड्याळ काढून भिंत मोकळी केली, पडदे ओढले. काका मध्यभागी खुर्चीत. उंच, सडपातळ माणूस, पांढरा शर्ट इस्त्रीचा. लेक पुढे येऊन म्हणाली, "बाबा, तुमच्या लग्नाचं एक रीळ सापडलंय. बघा तर."

नातेवाइकांना माहीत होतं. कोणी तोंडावर हात धरला, कोणी खाली बघितलं. काका हसले नाहीत. म्हणाले, "सापडलं? रेल्वेचे ते साहेब आले होते, त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता खरा. मी तेव्हाच म्हणत होतो."

हे कोणालाच अपेक्षित नव्हतं. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. पण मी तोवर फिल्म सुरू केली होती.

सुरुवातीचा नारिंगी उजेड भिंतीवर पसरला आणि ओसरला. मांडव आला. नवरा-नवरी आली, पण आम्ही त्यांचे चेहरे जवळून घेतलेच नव्हते. खाली घातलेल्या माना, जोडलेले हात, मेणबत्तीची ज्योत, चटईवर बसणारी माणसं. त्यात कण, ओरखडे, थरथर. काका खुर्चीत पुढे सरकले. बायकोकडे वळून म्हणाले, "तुझं लुगडं बघ." काकूंनी मान हलवली.

मग ते लांबचं चित्र आलं. सगळा मांडव, आणि उजव्या कोपऱ्यात वरखाली होणारा उजेड. काका उठले. प्रोजेक्टरच्या झोतात जाऊन उभे राहिले, त्यांची सावली मांडवावर पडली, तसे घाईनं बाजूला झाले आणि भिंतीला चिकटून त्या कोपऱ्याकडे बघायला लागले.

"जरा थांबवता का, मॅडम? थोडं मागे घ्या."

मी मागे घेतलं. चित्र थांबवलं.

"इथं चूल होती," ते म्हणाले. भिंतीवर, बरोब्बर त्या नारिंगी डागावर त्यांनी तळवा ठेवला. "मांडवाच्या या अंगाला. माझी आई इथंच होती. पूर्ण वेळ इथंच होती. हा जो उजेड आलाय, तो जरा बाजूला करता येईल का? आणि ही धूळ? आजकाल कॉम्प्युटरवर साफ करतात म्हणतात. तिचा फोटो नाही जी आमच्याकडे. एकसुद्धा नाही."

उजेड बाजूला करणं मला एका क्लिकचं काम होतं. पण त्यामागे पाण्याची टाकी होती.

लेक उठली. तिचा चेहरा बघवत नव्हता. "बाबा," ती म्हणाली, "हे आम्ही केलंय. आत्ता. तो दादा आहे, आणि ती वहिनी. रीळ नाही सापडलं."

काकांनी भिंतीवरचा हात काढला. तो थोडा वेळ हवेतच राहिला. मग ते चित्राकडे आणखी एकदा बघून म्हणाले, "असं होय."

पुन्हा खुर्चीत येऊन बसले. "छान केलंय. अगदी तसंच केलंय. चालू करा पुढे, सगळे थांबलेत."

मी चालू केलं. शेवटी सगळ्यांचे हसरे चेहरे आले, टाळ्या झाल्या, केक कापला. काकांनी स्वतःच्या हातानं मला केकचा तुकडा दिला आणि पुन्हा म्हणाले, "छान केलंय." लेक स्वयंपाकघरात जाऊन रडत होती. काकू तिला काही म्हणत नव्हत्या, नुसत्या पाठीवर हात फिरवत होत्या. मी प्रोजेक्टर गुंडाळला आणि निघाले. आळंदी रस्त्यानं परतताना मला एकच वाटत होतं, की आपण धूळ नसती टाकली तर त्या माणसाला क्षणभरही आशा वाटली नसती.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी काका एकटेच स्टुडिओत आले. बसनं आले होते, पिशवीत घरचा चिवडा होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "ते सोडा. मला एकदा दाखवा, कसं केलं ते. कारखान्यात मी पस्तीस वर्षं तपासणीला होतो. मला फसवणं सोपं नाही. तुम्ही फसवलं."

मी त्यांना शेजारी खुर्ची दिली आणि लांबचं तेच चित्र उघडलं. एकेक थर बंद करत गेले. धूळ बंद. ओरखडे बंद. थरथर बंद. फिकट रंग बंद केला, तशी लिंबाची पानं एकदम हिरवीगार झाली आणि आत्येभावाच्या मनगटावर घड्याळ काढल्याचा पांढरा पट्टा दिसायला लागला. सगळ्यात शेवटी उजेड बंद केला.

काका टाकीकडे बघत राहिले. मग खो खो हसले. इतके, की आतल्या खोलीतून माझा भागीदार बघायला आला.

"टाकी!" ते म्हणाले. "आणि मी तिच्यावर हात काय ठेवत होतो."

हसू ओसरल्यावर ते बोलायला लागले. लग्नानंतर चार महिन्यांत त्यांना पुण्यात नोकरी लागली. खोली मिळाली नव्हती, त्यामुळे काकू गावीच राहिल्या, सासूपाशी. ते सुट्टीला जात. पाच वर्षांनी आई गेली, तेव्हाही ते इथे होते. पोहोचेपर्यंत सगळं झालं होतं. "लग्नात ती मांडवात आलीच नाही. मी म्हटलं, ये ना समोर. म्हणाली, भाजी करपेल. पाठच दिसत होती तिची. मला तीच आठवते जी, पाठ. चेहरा मी आठवायला गेलो की माझ्या बहिणीचा येतो."

मग म्हणाले, "तुमच्याच्यानं होईल का? पाठच पाहिजे. खोटी आहे हे मला ठाऊक आहे. आता कोणी फसणार नाही."

मी भागीदाराकडे पाहिलं. पुणेरी तिरकस काहीतरी येईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "टाकीच्या जागी चूल मांडू. टाकीच्या पुढ्यात तट्ट्या लावला की ती झाकेल."

पाठ कोणाची घ्यायची हा प्रश्न होता. लेकीला नऊवारी साडी नेसता येत नव्हती, आणि ती फार उंच होती. तेव्हा काकूच म्हणाल्या, "मी बसते. मी त्यांच्याएवढीच आहे आता. वयानंही."

म्हणून आम्ही पुन्हा वाघोलीला गेलो. तीच जागा, तोच मांडव पुन्हा घातला, टाकीपुढे बांबूचा तट्ट्या लावला आणि तीन दगडांची चूल. काकू लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन कॅमेऱ्याकडे पाठ करून बसल्या. मोठ्या गंजात खरोखरची वांग्याची भाजी शिजत होती, कारण नुसतं ढवळण्याचं नाटक करायला त्यांनी साफ नकार दिला. काका कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहून सांगत होते.

"पदर एवढा खाली नाही. थोडा मागे. खांदा उजवा वर असायचा तिचा."

काकू न वळता म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. पाच वर्षं त्यांच्या मागेच बसत होते मी."

भागीदारानं कॅमेरा सुरू केला. धूर होत होता. काकूंनी ढवळलं, लाकूड आत सारलं, पळी उचलली, रश्शाचा एक थेंब डाव्या तळव्यावर घेतला, चाटला, आणि मनगटाच्या मागच्या बाजूनं कपाळ पुसलं. मग चिमूटभर मीठ टाकलं.

"थांबा," काका म्हणाले.

भागीदारानं कॅमेरा थांबवला नाही. एरवी तो असं करत नसे. का थांबवला नाही ते मी त्याला नंतर विचारलंही नाही.

"ते तळव्यावर घेणं," काका म्हणाले. "ते तिचं आहे."

"मग कोणाचं असणार?" काकू म्हणाल्या. "त्यांनीच शिकवलं. पळीला तोंड लावायचं नाही."

"तू रोज असंच करतेस?"

"चाळीस वर्षं. तुम्ही कधी आत आलात स्वयंपाकघरात?"

काका जवळच पडलेल्या विटेवर बसले आणि चष्मा काढला. लेक त्यांच्याकडे जायला निघाली, तशी काकूंनी पाठमोरंच हातानं खूण केली, राहू दे. मग त्या वळल्या. नवऱ्याकडे बघायला म्हणून अर्ध्याच वळल्या, गालाची एक रेघ दिसली, आणि भागीदारानं तिथे कॅमेरा बंद केला. ती भाजी आम्ही सगळ्यांनी मग तिथेच भाकरीबरोबर खाल्ली. तिखट इतकी होती, की भागीदार अर्धी बाटली पाणी प्यायला.

एडिटिंगला बसले तेव्हा माझ्यापुढे प्रश्न होता की हे कुठवर जुनं करायचं. पहिल्यांदा मी सगळं घातलं. मग कमी करत गेले. हातांवर धूळ येत होती तिथले कण एकेक करून काढले. एका चौकटीत तर कण नेमका तळव्यावरच्या थेंबाशेजारी पडला होता, तोही काढला. पांढऱ्याच्या बाबतीत आता मी शहाणी झाले होते. रंग थोडेच उतरवले, चुलीचा जाळ तांबूस सावल्यांत मिसळेल एवढे. उजेड कोपऱ्यात ठेवायचं आता काही कारण नव्हतं. तो मी शेवटी ठेवला, रिळाच्या शेवटी जसा येतो तसा. काकूंची मान वळायला लागते, गालाची रेघ दिसते आणि तिथे फीत संपत आल्यासारखा उजव्या कडेनं नारिंगी उजेड आत येतो, वाढत जातो, आणि चेहरा यायच्या आत सगळं त्यात बुडतं. खऱ्या रिळातही हे असंच झालं असतं. चेहरा लपवायला मी तो टाकला, हे खरंच आहे. पण तो कोणाचा चेहरा ठरवणं माझं काम नव्हतं.

काकांना दाखवलं. या वेळी ते आणि काकू दोघंच आले होते, लेक ऑफिसात होती. काका पडद्याजवळ सरकून बघत होते. संपलं तेव्हा म्हणाले, "पुन्हा."

मी पुन्हा लावलं.

"ही ती नाही," ते शेवटी म्हणाले. मला वाटलं, चुकलं आपलं. पण त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "आई एवढी जाड नव्हती."

"बरं," काकू म्हणाल्या.

"पण हात बरोबर आहेत." मग ते माझ्याकडे वळले. "हे त्या लग्नाच्या फिल्ममध्ये घाला, बाई. मांडव दिसतो ना, त्याच्या नंतर. नातवंडांना सांगेन मी, हे सगळं आत्ताचं आहे म्हणून. त्यांना खोटं नाही सांगायचं. पण मध्ये ती चुलीपाशी पाहिजे. तिच्याशिवाय जेवण कोणी केलं, असं वाटतं."

मी लांबच्या चित्रातला कोपरा मोकळा करून दिला. पहिल्या दिवशीचं ते चित्र काढून नव्या मांडवाचं घातलं, चूल दिसेल असं. धूळ ठेवली, कारण काका म्हणाले ती असू द्या, चाळीस वर्षं झालीत.

त्यानंतर "विंटेज लुक" मागायला येणाऱ्यांना मी एक प्रश्न विचारायला लागले, की हे बघणार कोण आहे, आणि त्यांना ठाऊक असेल ना? बहुतेकांना तो प्रश्न विचित्र वाटायचा. काही वर्षांनी कामच कमी झालं, लोक फोनवरच सगळं करायला लागले, आणि भागीदार एका मोठ्या कंपनीत चिकटला. खोल्या आम्ही सोडल्या.

काकांकडे मी मधूनमधून जात असे. एकदा गेले तेव्हा काकूंना बरं नव्हतं, त्या आत झोपल्या होत्या, आणि काका स्वयंपाकघरात होते. वरण करत होते. मला बाहेर बसा म्हणाले, पण मी दारातच उभी राहिले. त्यांनी पळी उचलली, थेंब तळव्यावर घेतला, जरा फुंकर मारून चाटला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "मीठ कमी आहे का गं? मला काही कळत नाही."

"आणा इकडे," आतून आवाज आला.

ते पळी घेऊन आत गेले.